अख्खे पान, एकच चित्र

मराठी विकिपीडियावरचा ‘महाराष्ट्र’ हा लेख उघडला की पडद्यावर त्याचा माथा तेवढा दिसतो. बाकीचा सगळा पसारा खाली असतो. कीबोर्डवरचे PrtScn बटण दाबले तर हाती लागते ती समोर दिसणारी चौकट. सगळा लेख हवा असेल तर बहुतेक लोक थोडे खाली सरकतात, पुन्हा बटण दाबतात, पुन्हा सरकतात. साध्या लॅपटॉपवर ब्राउझरची दिसणारी जागा साधारण ६५० पिक्सेल उंच असते. पान १२,००० पिक्सेल लांब असेल तर असे एकोणीस स्क्रीनशॉट घ्यावे लागतात. ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की ज्याला मिळतात तो क्रम लावत बसतो. चौथ्या चित्रातल्या शेवटच्या दोन ओळी पाचव्यात पुन्हा येतात आणि आठव्या-नवव्याच्या मध्ये एक ओळ कुठेच सापडत नाही.

यावर उपाय म्हणून कोणी एखादे एक्स्टेन्शन बसवतो. बसवताना ते ‘सगळ्या वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचण्याची आणि बदलण्याची’ परवानगी मागू शकते, आणि घाईत ती दिलीही जाते. त्याच ब्राउझरमधून आपण बँकेचे व्यवहारही करतो, हे त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही.

खरे तर यातले काहीच बसवायची गरज नाही. संपूर्ण पान एका चित्रात उतरवण्याची सोय ब्राउझरमध्येच आहे. क्रोममध्ये ती २०१७ साली ५९व्या आवृत्तीत आली. त्याच वर्षी फायरफॉक्सनेही ५६व्या आवृत्तीत स्वतःचे स्क्रीनशॉटचे साधन दिले. फायरफॉक्सची सोय राइट क्लिक केल्यावर समोरच दिसते. क्रोमची मात्र वेबसाइट बनवणाऱ्यांच्या अवजारांत ठेवलेली असल्यामुळे रोज क्रोम वापरणाऱ्या अनेकांना ती माहीतच नसते.

क्रोममध्ये ती नेमकी कुठे आहे

हवे ते पान उघडावे आणि Ctrl, Shift आणि I ही तीन बटणे एकत्र दाबावीत. मॅकवर हेच काम Command, Option आणि I करतात. खिडकीच्या एका कडेला कोडने भरलेला भाग उघडतो. हे डेव्हलपर टूल्स. तिथला कोड पाहून बिचकायचे कारण नाही, त्यात काहीही बदलायचे नाही. आता Ctrl, Shift आणि P दाबले की एक छोटी लिहायची चौकट येते. त्यात screenshot हा शब्द टाइप करायला सुरुवात केली की चार पर्याय दिसतात. त्यातला `Capture full size screenshot` निवडून Enter दाबायचे. क्षणभर पान हलल्यासारखे वाटते आणि डाऊनलोड्सच्या फोल्डरमध्ये एक पीएनजी फाइल येऊन पडते. फाइलच्या नावात वेबसाइटचा पत्ताही असतो.

बाकीचे तीन पर्यायही एकदा समजून घेण्यासारखे आहेत. `Capture screenshot` फक्त दिसणारा भाग घेतो. `Capture area screenshot` निवडल्यावर माऊसने चौकोन ओढायचा असतो. `Capture node screenshot` पानातला एखादाच घटक, म्हणजे एक तक्ता किंवा एक लेख, कापून देतो. या शेवटच्या पर्यायाचा उपयोग पुढे येईल.

एक छोटी अडचण पहिल्याच खेपेला येते. डेव्हलपर टूल्स उजव्या कडेला उघडले असतील तर पानाला मिळणारी रुंदी जवळपास निम्मी होते. हल्लीच्या वेबसाइट रुंदीप्रमाणे आपली मांडणी बदलतात, त्यामुळे चित्र येते ते फोनवर दिसणाऱ्या अरुंद पानाचे. मेनू तीन रेघांत गुंडाळलेला, तक्ते मोडलेले आणि लांबी जवळपास दुप्पट. उपाय सोपा आहे. टूल्सच्या वरच्या कोपऱ्यात तीन टिंबे असतात. तिथे `Dock side` समोर हा भाग खाली किंवा वेगळ्या खिडकीत नेण्याची चिन्हे आहेत. टूल्स खाली नेले की पानाला पूर्ण रुंदी परत मिळते. उंची कमी झाली तरी बिघडत नाही, कारण चित्राची उंची खिडकीवर ठरतच नाही.

न सरकता घेतलेले चित्र

उंची खिडकीवर का ठरत नाही, हे कळले तर या सोयीचे सगळे गुण आणि सगळे दोष एकदम उलगडतात.

स्क्रीनशॉटची बरीच एक्स्टेन्शन हाताने करायचे तेच काम यंत्राच्या वेगाने करतात. पान एक पडदाभर सरकवायचे, चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायचे आणि शेवटी सगळे तुकडे एकाखाली एक चिकटवायचे. त्यामुळे वर कायम चिकटून राहणारी मेनूची पट्टी प्रत्येक तुकड्यात येते आणि एकाच चित्रात दहा वेळा दिसते. सांध्यांवर ओळी दुभंगतात.

क्रोमची सोय असे सरकत नाही. पान उघडल्यावर ब्राउझरने त्याची संपूर्ण मांडणी आधीच केलेली असते. कोणता परिच्छेद किती उंच, कोणते चित्र कुठे, पान कुठे संपते, हा सगळा हिशेब त्याच्याकडे तयार असतो. आपल्याला दिसते ती त्यातली खिडकीएवढी फट. पूर्ण पानाचे चित्र मागितले की ब्राउझर पानाची एकूण लांबी मोजतो आणि तेवढे सगळे एका दमात रंगवतो. त्यामुळे सांधा येत नाही, ओळ दुभंगत नाही आणि मेनूची पट्टी एकदाच येते. ती भलत्याच ठिकाणी येऊ नये म्हणून चित्र घेण्याआधी Home बटण दाबून पानाच्या माथ्यावर गेलेले बरे.

ब्राउझरने मोजलेली ही लांबी आपल्यालाही विचारता येते. डेव्हलपर टूल्समधल्या `Console` या टॅबवर जाऊन पुढची ओळ लिहून Enter दाबायचे:

```
document.documentElement.scrollHeight
```

उत्तरादाखल एक आकडा येतो. तीच पानाची पिक्सेलमधली उंची. ओळ स्वतः टाइप करावी. पेस्ट करायला गेल्यास क्रोम पहिल्या वेळी इशारा देऊन अडवतो, आणि ते योग्यच आहे. अनोळखी माणसाने पाठवलेला कोड या जागी चिकटवायला लावून खाती लुबाडण्याचे प्रकार होतात. वरची ओळ फक्त एक आकडा वाचते, काही बदलत नाही.

हा आकडा आधी पाहून ठेवला तर पुढचे बरेच घोटाळे चित्र घेण्यापूर्वीच कळतात.

चित्रांच्या जागी कोऱ्या चौकटी

सर्वांत जास्त वेळा येणारा अनुभव असा. पान पूर्ण आले, मजकूर शेवटपर्यंत आहे, पण वरची दोन-तीन छायाचित्रे सोडली तर खाली नुसते करडे चौकोन. ब्राउझर बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात तो काटकसर करत असतो.

लांब पानावरची सगळी छायाचित्रे एकदम उतरवली तर वाचकाचा डेटा वाया जातो, कारण अनेकजण खालपर्यंत जातच नाहीत. म्हणून वेबसाइट बनवणारे चित्रांना सूचना देऊन ठेवतात की वाचक जवळ आला की मगच उतरायचे. क्रोमने २०१९ साली ७६व्या आवृत्तीत ही सूचना थेट समजून घ्यायला सुरुवात केली. वेगवान इंटरनेटवर चित्र पडद्यापासून सुमारे १,२५० पिक्सेलवर आले की तो ते मागवतो. संथ जोडणीवर चित्र यायला वेळ लागतो, म्हणून २,५०० पिक्सेल आधीच मागवतो.

आता वरचा मुद्दा आठवला की कारण स्पष्ट होते. पूर्ण पानाचे चित्र घेताना ब्राउझर सरकतच नाही. मग पाच-सहा हजार पिक्सेल खाली असलेल्या छायाचित्राला वाचक जवळ आला हे कळणार कसे? ते उतरलेलेच नसते, म्हणून त्याची जागा तेवढी रंगवली जाते.

उपाय हाताचाच आहे. चित्र घेण्यापूर्वी Page Down बटणाने शांतपणे शेवटपर्यंत जायचे. End दाबून थेट तळाला उडी मारली तर मधली छायाचित्रे पुन्हा राहून जाऊ शकतात. तळाला पोहोचल्यावर दोन-चार क्षण थांबायचे, Home दाबून वर यायचे आणि मग पर्याय निवडायचा. खाली जाताना पानाची लांबी वाढली असेल तर वरचा आकडा पुन्हा विचारला की फरक दिसतो.

काही पाने मात्र या उपायालाही दाद देत नाहीत. समाजमाध्यमांवरच्या न संपणाऱ्या याद्यांत खाली जावे तशा नव्या नोंदी येतच राहतात, म्हणजे ‘संपूर्ण पान’ असे काही नसतेच. जितके उतरले तितकेच मिळणार. काही मोठ्या याद्या तर पडद्याबाहेर गेलेल्या नोंदी पानातून काढूनच टाकतात, म्हणजे संगणकावर भार पडत नाही. अशा पानावर वर परत आले की खालचा भाग पुन्हा रिकामा होतो. तिथे तुकड्या-तुकड्यानेच चित्रे घ्यावी लागतात.

लांब दिसते, पण पडदाभरच येते

दुसरी तक्रार याच्या उलट असते. जीमेलमध्ये एखाद्या तक्रारीचा लांबलचक पत्रव्यवहार उघडा आहे, बाजूची सरकपट्टी भलीमोठी आहे, आणि तरी पूर्ण पानाच्या चित्रात फक्त दिसणारा भाग येतो.

इथे `Console`मध्ये उंची विचारली तर उत्तर सहाशे-सातशेच्या आसपास येते, आणि तोच निदानाचा पुरावा असतो. जीमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब यांसारख्या ठिकाणी मूळ पान खिडकीएवढेच असते. त्याच्या आत एक चौकट असते आणि मजकूर त्या चौकटीत वर-खाली सरकतो. ब्राउझर पानाची लांबी मोजतो, आतल्या चौकटीत दडलेल्या मजकुराची नाही. त्याच्या हिशेबाने त्याने पूर्ण पानच दिलेले असते.

जीमेलपुरती एक सोपी वाट आहे. पत्रव्यवहाराच्या वर, विषयाच्या ओळीत प्रिंटरचे छोटे चिन्ह असते. ते दाबले की सगळी पत्रे एकाखाली एक मांडलेले साधे पान नव्या टॅबमध्ये उघडते आणि छपाईची चौकट येते. ती चौकट रद्द करायची आणि मागे उरलेल्या साध्या पानाचे पूर्ण चित्र घ्यायचे. आता मजकूर आतल्या चौकटीत नसून पानातच असतो, त्यामुळे तो शेवटपर्यंत येतो. इतर वेबसाइटवरही ‘प्रिंट’ असे बटण असेल तर आधी तीच वाट पाहावी.

१६,३८४चा कुंपणदगड

समजा, पान साधे आहे, छायाचित्रे उतरली आहेत, आणि तरीही चित्र मध्येच एखाद्या परिच्छेदावर तुटले आहे. कोणतीही सूचना नाही, फाइल नीट उघडते, नुसता शेवट नाही. अशा वेळी फाइलवर राइट क्लिक करून `Properties`मधल्या `Details`मध्ये चित्राची उंची पाहावी. ती बरोबर १६,३८४ असेल तर कारण सापडले.

पान रंगवण्याचे काम संगणकाच्या ग्राफिक्स चिपकडे असते आणि तिला किती मोठे चित्र एका वेळी हाताळता येईल याला मर्यादा असते. ही मर्यादा पुष्कळदा १६,३८४ पिक्सेलची असते. म्हणजे दोनचा चौदावा घात. त्यापलीकडे गेले की खालचा भाग कोरा येणे किंवा वरचाच मजकूर पुन्हा छापल्यासारखा दिसणे असे प्रकार होत. म्हणून क्रोमच्या कर्त्यांनी पूर्ण पानाच्या चित्राची उंची या आकड्यावर छाटण्याची तरतूद कोडमध्येच केली. वेडेवाकडे चित्र देण्यापेक्षा कापलेले बरे, असा त्यामागचा विचार. पण कापल्याचे तो सांगत नाही, आणि तिथेच माणूस फसतो.

ही मर्यादा वाटते तितकी दूर नाही. रुंद पडद्यावर आठ हजार पिक्सेलचा लेख फोनच्या रुंदीत घेतला तर ओळी आखूड होतात आणि लेख सहज दुप्पट-तिप्पट लांबतो. शिवाय हल्लीच्या काही लॅपटॉपचे आणि बहुतेक फोनचे पडदे दुपटीच्या किंवा त्याहून जास्त घनतेचे असतात. तिथे तेवढ्याच मजकुराला उंचीत दुप्पट पिक्सेल लागतात.

याआधी उल्लेख केलेला `Capture node screenshot` इथे कामाला येतो. लेखाच्या पहिल्या भागातल्या एखाद्या ओळीवर राइट क्लिक करून `Inspect` निवडायचे. `Elements` या टॅबमध्ये त्या ओळीचा कोड उजळून दिसतो. कर्सर त्याच्या वरच्या ओळींवर नेत गेले की पानावर निळसर छटा पसरत जाते आणि कोणती ओळ पानाचा किती भाग व्यापते ते कळते. हवा तेवढा भाग निळा झाला की त्या ओळीवर राइट क्लिक करून `Capture node screenshot` निवडायचे. अशा रीतीने लेखाचे दोन-तीन भाग स्वतंत्रपणे घेता येतात. पट्ट्या, जाहिराती आणि बाजूचे दुवे गळून पडतात हा आणखी एक फायदा.

फायरफॉक्समध्ये रोजच्या कामासाठी पानावर राइट क्लिक करून `Take Screenshot` आणि मग `Save full page` एवढे पुरते. तो फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि पानाचे शीर्षक घालतो. क्रोममध्ये ही सोय नाही. ज्यांना आणखी नियंत्रण हवे त्यांच्यासाठी फायरफॉक्सच्या `Console`मध्ये एक कमांड आहे:

```
:screenshot --fullpage --delay 5
```

यातला शेवटचा आकडा सेकंदांचा. तेवढा वेळ थांबून चित्र घेतले जाते, म्हणजे एखादा मेनू उघडून ठेवायचा असेल तर सवड मिळते. फार मोठे चित्र झाले तर फायरफॉक्सही ते छाटतो, पण ही कमांड वापरली असेल तर छाटल्याचा इशारा देतो. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये Ctrl, Shift आणि S दाबल्यावर पूर्ण पानाचा पर्याय समोर येतो. आयफोनवर सफारीत नेहमीसारखा स्क्रीनशॉट घेऊन कोपऱ्यातल्या छोट्या चित्रावर बोट ठेवले की वर `Full Page` दिसते. आयओएस १३पासून ते पीडीएफ म्हणून जतन होते आणि आयओएस १७पासून चित्र म्हणूनही. अँड्रॉइड १२पासून अनेक फोनवर स्क्रीनशॉटखाली `Capture more` येते.

चित्र आले, आता पुढे

बारा हजार पिक्सेल उंच आणि साडेतेराशे रुंद चित्रात एक कोटी ६२ लाख ठिपके असतात. पीएनजी फाइल दाबून साठवलेली असल्यामुळे ती लहान दिसते, पण उघडल्यावर प्रत्येक ठिपक्याला चार बाइट याप्रमाणे सुमारे ६५ एमबी मेमरी लागते. जुन्या फोनवर असे चित्र उघडताना अडखळते किंवा धूसर दिसते ते यामुळे.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते फोटो म्हणून पाठवले की त्याचा आकार कमी केला जातो आणि अक्षरे वाचता येईनाशी होतात. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते.

छपाईत तर मोठीच गंमत होते. प्रिंटरला ‘एका पानावर बसव’ असे सांगितले तर १२,००० पिक्सेल एफोर कागदाच्या २९७ मिलिमीटर उंचीत कोंबावे लागतात. मग चित्राची रुंदी उरते जेमतेम ३३ मिलिमीटर, आणि १६ पिक्सेलचे अक्षर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक होते. झेरॉक्सच्या दुकानात कागदाच्या मधोमध उभी काळपट पट्टी निघते ती अशी. तेच चित्र कागदाच्या पूर्ण रुंदीत छापायचे तर सात पाने लागतात आणि पान बदलताना ओळ मधोमध कापली जाऊ शकते. म्हणून कागदावरच हवे असेल तर Ctrl आणि P दाबून पीडीएफ करणे केव्हाही चांगले. पीडीएफमध्ये मजकूर अक्षर म्हणूनच राहतो, त्यात शोधता येते, कॉपी करता येते. चित्रातला मजकूर नुसते ठिपके असतात. मात्र छपाईसाठी अनेक वेबसाइट आपली मांडणी बदलतात, रंग आणि काही भाग गाळतात. पान पडद्यावर जसे दिसत होते तसेच दाखवायचे असेल तेव्हा चित्राला पर्याय नाही. वेबसाइटची मांडणी ग्राहकाला दाखवणारा डिझायनर, लांब लेखाची तपासणी करणारा मुद्रितशोधक किंवा अर्ज भरून झाल्यावर त्यातली प्रत्येक नोंद जपून ठेवू पाहणारा विद्यार्थी, यांना चित्रच उपयोगी पडते.

अर्जाचे चित्र पुढे पाठवताना एक गोष्ट विसरू नये. साध्या स्क्रीनशॉटमध्ये माणूस जे पाहतो तेच येते. पूर्ण पानाच्या चित्रात त्याने न पाहिलेलेही येते. माथ्यावर खात्याचे नाव, मध्ये कुठेतरी मोबाईल नंबर, तळाशी जन्मतारीख. पाठवण्याआधी चित्र वरपासून खालपर्यंत एकदा नजरेखालून घालावे आणि नको तो भाग कापावा किंवा झाकावा.

पुरावा म्हणून किती पुरे?

एखाद्या दुकानाने वेबसाइटवर जाहीर केलेली अट नंतर बदलली, कोणी बदनामीचा मजकूर टाकून पुसला, अशा वेळी पूर्ण पानाचे चित्र हाती असावे असे वाटणे साहजिक आहे. पण या चित्रात एक महत्त्वाची उणीव आहे. ते फक्त पानाचे असते, ब्राउझरच्या चौकटीचे नाही. वरची पत्त्याची पट्टी त्यात येत नाही आणि संगणकाचे घड्याळही येत नाही. म्हणून पूर्ण पानाच्या चित्राबरोबरच PrtScn दाबून एक साधा स्क्रीनशॉटही घ्यावा. त्यात पत्ता आणि तारीख-वेळ दिसायला हवी.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ज्या डेव्हलपर टूल्समधून हे चित्र निघते, त्याच टूल्समध्ये पानावरचा कोणताही शब्द किंवा आकडा आपल्या पडद्यापुरता बदलता येतो. ४९९चे ४,९९९ करून चित्र घेतले तर त्या चित्रात खाडाखोड कुठेच दिसणार नाही. त्यामुळे नुसत्या चित्रावर न्यायालय विसंबत नाही. विद्युत नोंदींच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० सालचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच प्रकरणात आला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात तो वाद होता आणि मुद्दा व्हिडिओ चित्रणाच्या प्रतींचा होता. मूळ उपकरण न्यायालयात हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे न्यायालयाने सांगितले. तेव्हा ही तरतूद पुरावा कायद्याच्या कलम ६५ब मध्ये होती. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि प्रमाणपत्राचा नमुना त्या कायद्यासोबतच दिलेला आहे. चित्र घेतलेला संगणक आणि मूळ फाइल जपून ठेवावी, फाइलमध्ये कापाकापी करू नये आणि वकिलाकडे जाताना ती आहे तशीच न्यावी.

घरगुती वापरासाठी एवढ्या तयारीची गरज नाही. तिथे एकच तपासणी पुरते. चित्र डाऊनलोड झाल्यावर ते मूळ आकारात उघडून तळाशी जावे आणि चित्रातली शेवटची ओळ व पानावरची शेवटची ओळ एकच आहे ना ते पाहावे. मधल्या छायाचित्रांवरूनही एक नजर फिरवावी. हे पान बंद करण्यापूर्वीच करावे, कारण उद्या ते तिथे असेलच असे नाही.